खाडीकाठच्या सखल जमिनीत चर खणण्याआधी: पेरॉक्साइड चाचणीने आम्ल सल्फेट माती कशी ओळखावी आणि निचरा कसा सांभाळावा

सखल जमिनीत पाणी साचत होतं, म्हणून मी पहिला चर सव्वा मीटर खोल खणून घेतला. खालून निघालेली माती गडद राखाडी, लोण्यासारखी मऊ आणि कुजलेल्या अंड्यांच्या वासाची होती. ती चराच्या काठावरच टाकली. काही आठवड्यांत ढिगावर फिकट पिवळे डाग उमटले. पहिल्या जोरदार पावसानंतर चरातलं पाणी इतकं नितळ झालं की तळ दिसू लागला, आणि ते पाहून मला आनंदच झाला. मग कुणीतरी सामू मोजायला सांगितलं. तो ३.४ निघाला. त्या पाण्यात बेडूक नव्हते, मासे नव्हते, काठावरचं गवतही करपलं होतं.

पाणी नितळ होतं कारण आम्लामुळे मातीतून सुटलेल्या ॲल्युमिनियमने पाण्यातला सगळा गाळ खाली बसवला होता. सखल खारट प्रदेशात अचानक निळसर, काचेसारखं स्वच्छ पाणी दिसलं तर आधी सामू मोजा.

हे सगळं चर खणण्याआधी एका दिवसात कळू शकलं असतं. ती एका दिवसाची चाचणी कशी करायची, आणि निकाल आल्यावर चर कुठे थांबवायचा, ते खाली सांगतो.

## आधी एवढं समजून घ्या

समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं आणि गाळात लोह असतं. खारफुटीच्या आणि खाजणाच्या चिखलात हवा पोचत नाही. तिथे सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थ खाताना सल्फेटचं सल्फाइड करतात. ते लोहाशी जुळून पायराइटचे बारीक कण तयार होतात. असे थर साधारणपणे गेल्या दहा हजार वर्षांत साचलेले असतात आणि बहुतेक वेळा समुद्रसपाटीपासून पाच मीटरपेक्षा कमी उंचीच्या जमिनीखाली सापडतात.

पाण्याखाली आहे तोवर हा थर निरुपद्रवी असतो. त्याचा सामू ७ च्या आसपासही असू शकतो. पाणी खाली गेलं, हवा आत शिरली, की पायराइटचं गंधकाम्ल होतं. एक टन पायराइट पूर्ण जळालं तर सुमारे १.६ टन गंधकाम्ल तयार होतं. म्हणूनच साधा सामू मोजून या मातीची ओळख पटत नाही. आज ती शांत आहे, आम्ल अजून बनायचं आहे. पेरॉक्साइड चाचणीत आपण वर्षानुवर्षं चालणारी हीच क्रिया काही मिनिटांत घडवून आणतो.

बोलताना दोन अवस्था वेगळ्या ठेवा. ज्या थरात आम्ल आधीच तयार झालं आहे तो 'प्रत्यक्ष' आम्ल सल्फेट थर. जो पाण्याखाली शांत पडून आहे तो 'संभाव्य'. एकाच खड्ड्यात वर प्रत्यक्ष आणि खाली संभाव्य, असं बऱ्याचदा मिळतं.

## १. चाचणीआधी जमिनीवरून एक फेरी मारा

ओहोटीच्या वेळी, शक्यतो कोरड्या दिवसांच्या शेवटी फिरा. जुन्या चरांच्या कडा पाहा. गंजासारखा लालसर चिकट गाळ, पाण्यावर तेलकट दिसणारा पण काडीने तुटून तुकडे होणारा लोहाचा तवंग, झडलेलं काँक्रीट, काहीच न उगवणारे उघडे चट्टे, हे सगळं नोंदवा. (खरं तेल काडीने तुटत नाही, पुन्हा जुळून येतं. लोहाचा तवंग तुटल्यावर तसाच राहतो.)

सगळ्यांत भरवशाची खूण म्हणजे मातीच्या भेगांत आणि जुन्या मुळांच्या नळ्यांत दिसणारा लोण्यासारखा फिकट पिवळा रंग. हे जॅरोसाइट नावाचं खनिज आहे आणि ते फार आम्लधर्मी मातीतच तयार होतं. गंजाच्या नारिंगी डागांशी त्याची गफलत करू नका. नारिंगी डाग कुठल्याही पाणथळ जमिनीत दिसतात.

## २. साहित्य आणि कागद

- ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं चालत नाही.
- सोडियम हायड्रॉक्साइडचं ०.१ मोलर द्रावण (४ ग्रॅम एक लिटर पाण्यात). नेहमी पाण्यात हायड्रॉक्साइड टाका, उलट नको.
- सामू ४ आणि ७ च्या प्रमाण द्रावणांनी जुळवलेला सामूमापक. कागदी पट्ट्या घेऊ नका, पेरॉक्साइड त्यांचा रंग उडवतो.
- उष्णता सोसणाऱ्या काचेच्या रुंद परीक्षानळ्या किंवा ५० मिलिलिटरची चंचुपात्रं, ठेवायला स्टँड.
- शुद्ध पाणी, ड्रॉपर, काचेची कांडी, पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाची छोटी बाटली.
- मऊ चिखलातून अखंड गाभा काढता येईल असा अर्धगोल ऑगर, मोजपट्टी, हवा काढून बंद होणाऱ्या पिशव्या, बर्फाची पेटी.
- रसायन सोसणारे हातमोजे, डोळे पूर्ण झाकणारा चष्मा, जवळ बादलीभर पाणी.
- जमिनीच्या उंचीचा नकाशा, नियोजित चराचा आराखडा आणि किनारी भागात खोदकामाला लागणारी परवानगी. अनेक ठिकाणी परवानगीच्या अर्जासोबत मातीचा अहवाल मागतात, म्हणून ते आधीच विचारून घ्या.

## ३. पेरॉक्साइडचा सामू दुरुस्त करा

ही पायरी सगळ्यात जास्त वेळा सुटते. बाटलीतलं पेरॉक्साइड टिकावं म्हणून त्यात बहुधा आम्ल मिसळलेलं असतं आणि त्याचा स्वतःचा सामू ३ पर्यंत खाली असू शकतो. तेच तसंच मातीवर ओतलं तर निर्धोक मातीही धोक्याची दिसते. माझ्या पहिल्या दहा चाचण्या याच कारणाने फेकून द्याव्या लागल्या.

त्या दिवशी लागेल तेवढंच, म्हणजे ५० ते १०० मिलिलिटर पेरॉक्साइड वेगळ्या भांड्यात घ्या. हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने टाकत, ढवळत, सामू ४.५ ते ५.५ च्या मध्ये आणा. घाई केली तर सामू एकदम वर उडी मारतो. दुरुस्त केलेलं पेरॉक्साइड हळूहळू वायू सोडत विघटन पावतं, म्हणून ते घट्ट झाकणाच्या बाटलीत कधीही ठेवू नका, बाटली फुटू शकते. सावलीत, थंड जागी, सैल झाकणाखाली ठेवा आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरू नका.

दिवसाच्या सुरुवातीला एका नळीत माती न घालता नुसतं पेरॉक्साइड ठेवा आणि शेवटी तिचा सामू पाहा. तो ढळलेला दिसला तर त्या दिवसाचे आकडे संशयास्पद समजा.

## ४. नमुने काढा

नियोजित चराच्या रेषेवर दर ५० मीटरला एक, असे खड्डे घ्या. खोली ठरवण्याचा नियम असा: चर जिथे संपणार आहे त्याच्याही खाली किमान एक मीटर, कारण चर जेवढा खोल तेवढ्यावर पाणी थांबत नाही. कोरड्या दिवसांत ते आणखी खाली जातं.

दर २५ सेंटिमीटरला एक नमुना घ्या. पण रंग किंवा पोत जिथे बदलतो तिथे सीमा धरून वेगळा नमुना घ्या. तपकिरी माती राखाडी होते ती रेषा नेमक्या किती सेंटिमीटरवर आहे हे तुमच्या वहीतलं सगळ्यात मोलाचं टिपण असेल. ऑगरच्या बाहेरच्या बाजूला वरचा चिखल घासून येतो, तो सुरीने खरवडून मधला गाभा घ्या.

खोली नुसती जमिनीपासून मोजून थांबू नका. जवळचा एखादा पक्का बिंदू ठरवा आणि लेव्हलिंगने प्रत्येक खड्ड्याच्या तोंडाची उंची त्या बिंदूशी जोडा. याचं कारण पुढच्या उदाहरणात दिसेल.

माती हवेत काही तास राहिली की तिच्यात बदल सुरू होतो. चाचणी जागेवरच करा. प्रयोगशाळेकडे जाणारा भाग लगेच पिशवीत दाबून, हवा काढून, बर्फावर ठेवा.

## ५. साधा सामू

अर्धा चमचा माती नळीत घ्या, शुद्ध पाणी घालून पातळ लगद्यासारखं ढवळा आणि सामू वाचा. कोरडी ढेकळं असतील तर आधी फोडा.

सामू ४ किंवा कमी आणि सोबत पिवळे डाग असतील तर हा प्रत्यक्ष आम्ल सल्फेट थर आहे असं धरून चाला. ४ ते ५.५ मधला आकडा एकट्याने काही सांगत नाही, कारण खतं, सेंद्रिय आम्लं आणि पावसाने धुतलेली जमीनही इतका सामू देते. ७ च्या आसपासचा आकडा पाहून तर अजिबात निश्चिंत होऊ नका.

## ६. पेरॉक्साइड चाचणी

उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून काम करा. क्रियेत गंधकाचे झोंबणारे वायू निघतात.

अर्धा चमचा माती नळीत घ्या. जास्त नको, जोरदार नमुना उकळून बाहेर येतो. नळीचं तोंड स्वतःपासून दूर ठेवून त्यावर दोन-तीन मिलिलिटर दुरुस्त केलेलं पेरॉक्साइड ड्रॉपरने घाला आणि हात मागे घ्या. कांडीने एकदा हलवा. मग पंधरा मिनिटं थांबा. क्रिया जोरात झाली तर शांत झाल्यावर आणखी थोडं पेरॉक्साइड घाला, आणि नवीन पेरॉक्साइडनेही फेस येईनासा होईपर्यंत हे चालू ठेवा. काहीच हालचाल नसेल तर लगेच निकाल देऊ नका. थंड दिवसात क्रिया उशिरा सुरू होते, अशा वेळी नळी कोमट पाण्यात किंवा उन्हात आणखी पंधरा-वीस मिनिटं ठेवा.

क्रियेचा जोर १ ते ४ मध्ये लिहा: १ म्हणजे जेमतेम बुडबुडे, २ मध्यम, ३ जोरदार फेस, ४ म्हणजे उकळी, वाफ आणि नळी हाताला भाजेल इतकी उष्णता. रंग बदलला का, झोंबणारा वास आला का, हेही टिपा.

नळी थंड झाल्यावरच सामू मोजा. गरम, फेसाळत्या द्रवात मापक भरकटतो आणि त्याचं टोकही खराब होतं. दोन नमुन्यांच्या मध्ये टोक शुद्ध पाण्याने धुवा. काम संपल्यावर नळ्यांतला द्रव भरपूर पाण्याने पातळ करून, चुनखडीच्या भुकटीने शमवून मगच ओता.

## ७. आकडे कसे वाचायचे

तीन गोष्टी एकत्र पाहा: पेरॉक्साइडनंतरचा सामू, साध्या सामूपासून झालेली घसरण आणि क्रियेचा जोर. सामू ३ च्या खाली, घसरण एकापेक्षा जास्त आणि जोर ३ किंवा ४, असं तिन्ही जुळलं तर पायराइट आहे यात फारशी शंका उरत नाही. सामू ३ ते ४ मध्ये आला तर संशय राहतो, ४ ते ५ मध्ये आला तर या चाचणीवरून हो किंवा नाही काहीच म्हणता येत नाही. या दोन्ही वेळा उत्तर प्रयोगशाळेकडूनच घ्यावं लागतं.

फसगत तीन जागी होते.

पहिली वरच्या थरात. मुळं, कुजलेली पानं, पीट यांतला सेंद्रिय पदार्थ पेरॉक्साइडने भरपूर फेसाळतो आणि सामूही थोडा खाली आणतो. पण तो फेस साबणासारखा, संथ आणि बराच वेळ टिकणारा असतो, आणि सामू सहसा ३ च्या खाली जात नाही. मँगनीजची गोष्ट याहून सोपी आहे. तो नमुना जोरात उसळतो, पण सामू जागचा हलत नाही, कधी वरच जातो. नुसत्या जोरावरून निकाल देणारा माणूस इथे हमखास चुकतो.

दुसरी फसगत याच्या उलट आणि जास्त महागाची आहे. गाळात शिंपल्यांचा चुरा असला की पायराइटने तयार केलेलं आम्ल तिथल्या तिथे शमतं. जोर ४ असतो, पण सामू ६ च्या वरच राहतो, आणि नमुना निर्धोक वाटतो. अशा वेळी त्याच नमुन्याच्या वेगळ्या भागावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. फसफसला तर शिंपले आहेत. त्यांचा आधार किती काळ टिकेल हे या चाचणीने कळत नाही. मोठे शिंपले चाचणीत कामी येतात, पण जमिनीत त्यांच्यावर लोहाचा आणि जिप्समचा थर बसतो आणि ते आम्ल शमवेनासे होतात.

तिसरी वाळूत. वाळूत पायराइट अगदी थोडं असलं तरी आम्ल शमवायला तिच्यात काहीच नसतं. जोर १ आणि सामू २.८ असं दिसलं तरी तो नमुना धोक्याचाच समजा.

## ८. एका जमिनीचं पूर्ण उदाहरण

दोनशे मीटर लांबीचा, १.२ मीटर खोल आणि ८० सेंटिमीटर रुंद चर आखला होता. रेषेवर पाच खड्डे, प्रत्येक सव्वादोन मीटर. पहिल्या खड्ड्याचे आकडे असे (खोली, साधा सामू, पेरॉक्साइडनंतरचा सामू, जोर):

- ०–२५ सेमी: ५.८, ४.६, जोर २, साबणासारखा फेस
- २५–५० सेमी: ५.५, ४.८, जोर १
- ५०–७५ सेमी: ४.४, ३.७, जोर १, थोडे पिवळे डाग
- ७५–१०० सेमी: ५.९, २.६, जोर ३, राखाडी माती सुरू
- १००–१२५ सेमी: ६.८, १.९, जोर ४
- १२५–१७५ सेमी: दोन्ही नमुने ७ च्या आसपास, नंतर १.८ आणि २.०, जोर ४
- १७५–२२५ सेमी: ७.६, ६.५, जोर ४, शिंपले

वरचे पन्नास सेंटिमीटर शांत आहेत, तिथला फेस सेंद्रिय पदार्थाचा आहे. ५० ते ७५ मध्ये पूर्वी कधीतरी, कोरड्या वर्षात हवा शिरली होती. पिवळे डाग आणि ४.४ चा सामू तेच सांगतात. ७५ च्या खाली सगळं अजून जिवंत आहे. शेवटचे दोन नमुने नुसत्या सामूवर पाहिले असते तर सुरक्षित म्हणून सोडून दिले असते. जोर ४ होता म्हणून ते प्रयोगशाळेकडे गेले.

पाचव्या खड्ड्यात, खाडीच्या बाजूला, राखाडी माती ७५ ऐवजी ५५ सेंटिमीटरवरच लागली. पहिल्या नजरेत वाटलं की थर तिकडे वर चढतो आहे. लेव्हलिंगचे आकडे लावल्यावर कळलं की जमीनच तिथे २० सेंटिमीटर खाली आहे. थर दोन्हीकडे एकाच पातळीवर, सपाट होता. गाळ पाण्यात साचलेला असतो, त्यामुळे हे असं पुष्कळदा घडतं. चराची मर्यादा म्हणूनच जमिनीपासूनच्या खोलीत ठरवू नका, पातळीत ठरवा.

## ९. प्रयोगशाळा आणि चुन्याचा हिशेब

पेरॉक्साइड चाचणी थर कुठे आहे ते दाखवते. त्यात किती आम्ल दडलं आहे ते तिला सांगता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत क्रोमियमने क्षपण होणारं गंधक, आधीपासून असलेली आम्लता आणि मातीची स्वतःची शमनक्षमता मोजतात. सगळे नमुने पाठवायची गरज नाही. प्रत्येक थरातले दोन-तीन, सीमेवरचे सगळे आणि संशयाचे सगळे पाठवा.

वरच्या उदाहरणात राखाडी थरात सरासरी १.२ टक्के गंधक निघालं. हिशेब असा: एक टन कोरड्या मातीत एक टक्का गंधक असेल तर ते शमवायला ३१.२ किलो शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट लागतं. भुकटी कधीच पूर्ण मिसळत नाही, म्हणून दीडपट धरायचं. १.२ टक्क्यांसाठी ते टनाला सुमारे ५६ किलो होतं.

चर या थरात ४५ सेंटिमीटर शिरणार होता. २०० × ०.८ × ०.४५ म्हणजे ७२ घनमीटर. घनमीटरला ०.९ टन कोरडी माती धरली तर ६५ टन, आणि तिला साडेतीन टनांपेक्षा थोडी जास्त भुकटी. हा खर्च कुणीही सोसेल, आणि बहुतेक लोक इथेच हिशेब थांबवतात.

पण चर खणला जातो तो आजूबाजूचं पाणी उतरवण्यासाठी. दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर पट्ट्यात पाणी तेवढंच उतरलं असं धरा: २०० × २० × ०.४५ म्हणजे १८०० घनमीटर, सुमारे १६२० टन माती, ९० टन भुकटी. चरापासून लांब गेलं की पाणी कमी उतरतं, म्हणून याच्या निम्मं धरा, तरी ४५ टन. आणि ही माती जागेवर, पाऊण मीटर खाली आहे, तिच्यात भुकटी मिसळायची कशी? बाहेर काढलेल्या मातीला चुना घालता येतो. जागेवर कोरड्या पडलेल्या मातीला तो पोचवता येत नाही. माझ्या पहिल्या चराचं पाणी आंबट झालं ते ढिगामुळे कमी आणि या न दिसणाऱ्या पट्ट्यामुळे जास्त.

चुना म्हणजे इथे शेतीची बारीक चुनखडी भुकटी. कळीचा किंवा विरवलेला चुना वापरू नका, तो सामू एकदम फार वर नेतो आणि हाताळायलाही धोक्याचा असतो.

## १०. उथळ आणि रुंद चर

नियम एकच: चराचा तळ राखाडी थराच्या वर राहिला पाहिजे, आणि मध्ये किमान वीस सेंटिमीटर अंतर ठेवा.

उदाहरणातल्या जमिनीत थराची वरची पातळी पहिल्या खड्ड्याच्या तोंडापासून ७५ सेंटिमीटर खाली होती. म्हणून चराचा तळ वरच्या टोकाला ४५ आणि खाडीकडच्या टोकाला ५५ सेंटिमीटर खाली ठेवला. खाडीकडे जमीन २० सेंटिमीटर उतरलेली असल्यामुळे तिथे चर फक्त ३५ सेंटिमीटर खोल झाला. उतार दोनशे मीटरला दहा सेंटिमीटर, म्हणजे फार कमी, म्हणून रुंदी वाढवून दोन मीटर केली आणि कडा तिरक्या, गवत धरतील अशा ठेवल्या. पाणी वाहून नेण्यासाठीचं क्षेत्रफळ १.२ मीटर खोल चराच्या जवळपासच येतं.

अशा चराने पावसाचं वरचं पाणी दोन-तीन दिवसांत जातं आणि जमिनीतलं पाणी जागेवर राहतं. पृष्ठभाग लेझरने समतल करून चराकडे हलका उतार दिला तर खोल चराची गरजच कमी होते. मशीन चालवणाऱ्याला तोंडी सांगून भागत नाही. पातळीचे खुंटे ठोका आणि राखाडी माती बादलीत दिसली की लगेच थांबायचं, हे आधी ठरवून घ्या. चुकून निघालीच तर त्याच दिवशी खड्ड्यात परत, पाण्याखाली टाका.

## ११. जुना खोल चर आधीच असेल तर

तो बुजवता आला तर उत्तम. नाही जमलं तर त्यातलं पाणी धरून ठेवा. चराच्या तोंडाशी खाचा असलेली चौकट बसवा आणि तिच्यात फळ्या सरकवा. पावसाळ्यात पूर येताना फळ्या काढा, पाऊस ओसरू लागला की परत घाला, म्हणजे कोरड्या दिवसांत पाणी राखाडी थराच्या वर उभं राहील. फळ्या घालायला उशीर केला तर अडवायला पाणीच उरत नाही. पावसाळा संपायच्या आत त्या बसलेल्या असायला हव्यात.

खाडीच्या तोंडाशी उघाडी असेल, म्हणजे ओहोटीला आपोआप उघडून भरतीला मिटणारं दार, तर तिला एक लहान, बंद करता येणारी खिडकी पाडून थोडं भरतीचं पाणी चरात घेता येतं. समुद्राच्या पाण्यातलं बायकार्बोनेट आम्ल शमवतं आणि चरातली पातळीही वर राहते. मात्र हे पाणी पिकाच्या मुळांपर्यंत जाऊ देऊ नका. आधी चराच्या काठाची सर्वांत खालची जागा आणि उधाणाच्या भरतीची उंची मोजा, शेजाऱ्याची जमीन त्याच चरावर असेल तर त्याच्याशी बोला, आणि खिडकी पहिल्यांदा लहान भरतीलाच उघडा.

चराच्या तळाशी काळा, चमकदार, दह्यासारखा गाळ साचला असेल तर तो उपसून काठावर टाकू नका. त्यातलं सल्फाइड पायराइटपेक्षा कितीतरी लवकर, तासा-दिवसांत आम्ल होतं आणि पुरात ढवळला गेला तर पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पाणी परत वर आणल्याने नवीन आम्ल बनणं थांबतं, आधी बनलेलं मात्र तिथेच असतं. पिवळं जॅरोसाइट वर्षानुवर्षं हळूहळू आम्ल सोडत राहतं. पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत चराचं पाणी सुधारलं नाही म्हणून फळ्या काढून टाकू नका.

## १२. काय मोजत राहायचं

दोन-तीन ठिकाणी भोकं पाडलेले प्लास्टिक पाइप जमिनीत उभे बसवा, खाली राखाडी थरात पोचतील असे. आठवड्यातून एकदा त्यातली पाण्याची पातळी मोजा आणि थराच्या पातळीशी ताडून पाहा. एक पाइप मोठ्या झाडांजवळ नक्की ठेवा. कोरड्या दिवसांत झाडं चरापेक्षाही जास्त पाणी उतरवतात, आणि चर कितीही नीट असला तरी तिथे थर उघडा पडू शकतो.

चराच्या पाण्याचा सामू आठवड्याला एकदा, आणि लांब कोरड्या काळानंतरच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर आठ-दहा दिवस रोज मोजा. पाऊस चालू असताना आकडा चांगलाच येतो. आम्ल येतं ते पूर ओसरताना, जमिनीतलं पाणी चरात झिरपू लागतं तेव्हा. १९८७ साली ऑस्ट्रेलियातल्या ट्वीड नदीत कोरड्या काळानंतरच्या मुसळधार पावसाने आम्लाचा असाच लोंढा आला आणि नदीच्या सुमारे २३ किलोमीटर पट्ट्यातले मासे मेले.

सामू ५ च्या खाली गेला की फळ्यांची पातळी एक फळी वर करा आणि त्याच दिवशी पाइपमधली पातळी पाहा. पाणी थराच्या वर असूनही सामू पडत असेल, तर आम्ल वरच्या, आधीच प्रत्यक्ष झालेल्या थरातून येतं आहे. उदाहरणातल्या जमिनीत तो ५० ते ७५ सेंटिमीटरचा थर होता. तिथे वरच्या पन्नास सेंटिमीटरमध्ये भुकटी मिसळली, चराच्या तिरक्या कडांवरही पसरली, आणि तळ आणखी पाच सेंटिमीटर उचलून घेतला.